चौदा तारखेला आधी खरेदी तपासा

दुकानातल्या कॅलेंडरवर जीएसटीची 11 आणि 20 तारीख लाल पेनाने गोल केलेली असते. विक्रीची बिलं 11 पर्यंत जीएसटीआर-1 मध्ये भरायची आणि 20 पर्यंत 3बी भरून कर चुकता करायचा. माझ्या मते दर महिना विवरण भरणाऱ्या दुकानदारासाठी यापेक्षा मोलाची तारीख आहे 14. त्या दिवशी पोर्टलवर 2बी येतो. कोणत्या पुरवठादाराने तुमच्या नावावर बिल दाखवलं, हे त्यात कळतं.

सांगलीच्या एका हार्डवेअर दुकानाचं उदाहरण घेऊ. 10 जुलैला एका छोट्या कारखानदाराकडून 2 लाखांचा रंग आला, वर जीएसटी 36 हजार. जुलैच्या विक्रीवरचा कर झाला 50 हजार. दुकानदाराने हिशेब मांडला की 36 हजार वजा जाऊन 14 हजार भरायचे. पण कारखानदाराने आपलं विवरण वेळेत भरलं नाही. बिल 2बी मध्ये आलं नाही, तर 20 ऑगस्टला पूर्ण 50 हजार रोख भरावे लागतात. कारखानदाराने मागाहून बिल दाखवलं, की वजावट पुढच्या महिन्यात मिळते, तोवर पैसा अडकतो. म्हणून 14 ला यादी ताडून त्याच दिवशी फोन करायचा. कित्येक जण 2 लाख देऊन कराचे 36 हजार बिल दिसेपर्यंत राखून ठेवतात.

पण राखून ठेवण्यालाही मर्यादा आहे. कारखानदार उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार नसताना पैसे 15 दिवसांत द्यावे लागतात, म्हणजे 25 जुलैलाच, 2बी येण्याच्या कितीतरी आधी. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, म्हणजे 24 ऑगस्टपर्यंत. त्यामुळे खरेदीच्या ऑर्डरवरच 45 दिवसांची अट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मुदत उलटली आणि 31 मार्चपर्यंतही पैसे गेले नाहीत, तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरला जात नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरतात. उशिराचं व्याज लागतं ते वेगळंच. पुरवठादार निव्वळ व्यापारी असेल, तर ही अट लागू होत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक आहे का, आणि त्यात उत्पादक लिहिलंय का, हे माल उतरवून घेतानाच बघावं.

बाकीच्या तारखा सोप्या आहेत. पगार आणि कापलेला टीडीएस 7 पर्यंत, पीएफ लागू असेल तर 15 पर्यंत. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ मात्र एक दिवसही लांबवू नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टची फक्त सूचना द्यावी लागते, नूतनीकरण नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग मात्र दरवर्षी लागतं. त्याची तारीख काट्याच्या प्रमाणपत्रावर बघून एक महिना आधीच्या पानावर लिहा.

या महिन्याच्या 14 तारखेला 2बी उघडा आणि खरेदीची बिलं एकेक करून त्याच्याशी ताडा.