कानाजवळची न दुखणारी गाठ

कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ लागते. दुखत नाही, म्हणून आपण ती वर्षानुवर्षं अंगावर काढतो. ही गाठ बहुधा लाळेच्या मोठ्या ग्रंथीतली असते. अशा 10 गाठींपैकी साधारण 8 कर्करोगाच्या नसतात. सर्वांत जास्त आढळते ती ‘मिश्र गाठ’. ती सावकाश वाढते, पण फार वर्षं ठेवली तर तिचाही कर्करोग होऊ शकतो. ‘वॉर्थिनची गाठ’ बहुतेक विडी-सिगारेट ओढणाऱ्या वयस्कांत दिसते. गाठ झपाट्याने वाढली, दुखू लागली किंवा तोंड वाकडं झालं, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

सोनोग्राफी आणि सुईने तपासणी झाल्यावर माझ्या जाऊबाईंची मिश्र गाठ ठरली. त्यांना धास्ती एकच, ऑपरेशनने तोंड वाकडं होईल! कारण चेहरा हलवणारी नस या ग्रंथीतूनच जाते आणि आत तिला पाच मुख्य फांद्या फुटतात. म्हणून सर्जन आधी कानाजवळ नसेचं खोड शोधतात, फांद्या जपत पुढे जातात आणि मग गाठ भोवतीच्या थोड्या ग्रंथीसकट काढतात. नुसती गाठ खरवडली तर तिचं आवरण फुटतं आणि काही वर्षांनी ती पुन्हा उगवते.

जाऊबाईंचा डोळा सुरुवातीला नीट मिटेना. डॉक्टरांनी थेंब दिले, रात्री पापणीवर पट्टी लावायला सांगितली. नस ताणली होती, तुटली नव्हती; दोन महिन्यांत डोळा पूर्ववत मिटू लागला.