हंगामाचं वर्ष पूर्ण धरतात

जुलै महिना आहे, साखर कारखान्याचं धुराडं थंड आहे आणि गेटासमोरच्या युनियनच्या खोलीत पंख्यापेक्षा माणसांचाच आवाज जास्त आहे. माझ्यापुढे कर्मचारी पेन्शन योजना १९९५ची सूचना पडली आहे. ती सोप्या मराठीत फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

पहिलंच वाक्य चार ओळींचं आहे. त्यात वय, सेवा, सदस्यत्व आणि दोन अपवाद कोंबलेत. मी ते मोडून लिहिते: ‘५८ वर्षं पूर्ण झाली आणि पेन्शनची वर्गणी भरलेली सेवा किमान १० वर्षं भरली, की पेन्शन मिळते. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.’

"आमाला न्हाई मिळायची," मागून आवाज येतो. आण्णा बॉयलरवर हंगामी आहेत. पुढच्या महिन्यात त्यांना ५८ पुरी होतात. "वर्षाला पाच-सहा महिनं काम. चौदा हंगाम केले. सात वर्षं बी भरत न्हाईत."

या खोलीतल्या निम्म्या लोकांचा हाच समज आहे. सूचनेत त्याचं उत्तर आहे, पण ते एका स्पष्टीकरणात, बारीक टायपात दडलंय. मी खडू उचलून मोठ्या अक्षरात लिहिते: ‘हंगामी कामगाराचा एक हंगाम म्हणजे सेवेचं एक पूर्ण वर्ष.’ आण्णा दोनदा वाचतात. "म्हंजे चौदा?"

"चौदा. त्याआधी कुठं होता?"

"सूतगिरणीत, चार वर्षं. पर तिथला फंड उचलला."

इथं मी थांबते, कारण खरी गोम इथंच असते. फंडाचे पैसे उचलणं वेगळं आणि पेन्शनचे उचलणं वेगळं. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली, तर पेन्शनचा भाग काढून घेता येतो किंवा त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं. पैसे काढले असतील, तर ती सेवा संपली. सर्टिफिकेट घेतलं असेल, तर ती पुढच्या नोकरीला जोडली जाते. आण्णांना यातलं काही आठवत नाही. त्यांच्यासोबत आलेल्या काकू मात्र पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सर्टिफिकेटचा कागद काढतात. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली होता म्हणे. घड्यांवर फाटलाय, पण नाव, खातं नंबर आणि चार वर्षांची सेवा नीट वाचता येते. चौदा अधिक चार, अठरा.

संघटनेचे सेक्रेटरी लगेच फोनवर हिशोब करतात. सूत्र सगळ्यांना पाठ आहे: पगाराची सरासरी गुणिले सेवा, भागिले ७०. आण्णांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून गेल्या ६० महिन्यांची सरासरी १४,००० धरली, तर ३,६०० येतात. खोली खूश होते. पण हा आकडा हातात पडणार नाही. १ सप्टेंबर २०१४ आधी पेन्शनसाठी पगाराची मर्यादा ६,५०० होती, नंतर ती १५,००० झाली. त्यामुळे हिशोब दोन तुकड्यांत होतो. आधीची सात वर्षं (गिरणीची चार आणि तीन हंगाम) ६,५००वर, म्हणजे ६५० रुपये. नंतरचे अकरा हंगाम १४,०००वर, म्हणजे २,२००. बेरीज २,८५०. पेन्शन सुरू झाल्यावर "कमी दिली" म्हणून जे भांडण होतं, ते बहुतेक या दोन तुकड्यांचं असतं, म्हणून हेही मी फळ्यावर मांडते. आणि पेटीतला कागद सापडला नसता, तर महिन्याला साधारण ३७१ रुपये गेले असते. काकू तो कागद परत प्लास्टिकमध्ये घालतात.

आता कागदपत्रं. ‘१०-डी’ अर्ज, नवरा-बायकोचा एकत्र फोटो, दोघांची आधारकार्डं, बँक पासबुकाचं पहिलं पान, २५ वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या जन्माचा दाखला. हे सगळे आणतात. अडतं ते नावावर. आण्णांच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आहे, फंडाच्या खात्यात नुसतं घरगुती हाकेचं. अर्ज एवढ्यावर परत येतो. आधी कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून संयुक्त घोषणापत्र भरून नाव दुरुस्त करून घ्यायचं, अर्ज त्यानंतर. आण्णांचा महिना त्यातच जाणार.

तोवर आणखी एक पाहायचं. फंडाच्या ऑनलाइन पासबुकात पेन्शन वर्गणीचा वेगळा रकाना असतो. १४,००० पगाराला तिथं दरमहा १,१६६ दिसायला हवेत. बिगरहंगामात शून्य असलं तरी घाबरायचं नाही, पण अख्ख्या हंगामात शून्य असेल, तर ते वर्ष मोजलं जाणार नाही. सेक्रेटरींच्या फोनवर आण्णा बोटानं एकेक हंगाम खाली सरकवतात. चौदाही भरलेत.

फळ्याच्या तळाशी थोडी जागा उरलीय. तिथं लिहिते: ‘जुन्या नोकरीचं स्कीम सर्टिफिकेट घरात शोधा. अर्जासोबत मूळ प्रत द्यावी लागते, म्हणून आधी झेरॉक्स काढून ठेवा आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.’