गुलाबीच्या जागी तपकिरी

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे अनुमापन बारावीपासून पदवीपर्यंतच्या प्रयोगशाळांत केले जाते. कोनिकल फ्लास्कमध्ये ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्ल १० मिली घ्यायचे, त्यात २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल १० मिली घालायचे, ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल परमँगनेट सोडायचे. परमँगनेटचा जांभळा रंग फ्लास्कमध्ये पडताच नाहीसा होतो. सगळे ऑक्झॅलिक आम्ल संपले की पुढच्या थेंबाने द्रावण फिकट गुलाबी होते आणि अर्धा मिनिट तसेच राहते. तो अंत्यबिंदू. एखाद्या फ्लास्कमध्ये मात्र गुलाबी रंग यायच्या आधी, मध्येच कुठेतरी द्रावण तपकिरी आणि गढूळ होते. ही गोष्ट नोंदवहीत कशी लिहायची, यावर पुढे काही उलगडणार की नाही हे ठरते.

अनपेक्षित काय, हे कळायला अपेक्षित काय ते आधी माहीत हवे. या प्रयोगात पहिल्या एकदोन थेंबांचा रंग जायला बराच वेळ लागतो आणि नवखा विद्यार्थी तेही आश्चर्य म्हणून टिपतो. ते ठरलेलेच आहे: अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीजचे आयन त्याच अभिक्रियेला वेग देतात आणि सुरुवातीला ते नसतात. थोडे तयार झाले की पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. तपकिरी गढूळपणा मात्र ठरलेल्यातला नाही.

समजा, पहिल्या दोन फ्लास्कची वाचने १०.१ मिली आली आणि तिसऱ्यात रंग बिघडला. अशा वेळी बहुतेक वह्यांत ‘मँगनीज डायऑक्साइड तयार झाला, वाचन रद्द’ एवढेच लिहिलेले सापडते. हे निरीक्षण नव्हे, निष्कर्ष आहे. तो बरोबरही असेल, पण डोळ्यांना मँगनीज डायऑक्साइड दिसत नाही, तपकिरी रंग दिसतो. चांगली नोंद अशी असते:

‘फ्लास्क ३. सकाळी ११.४०. ब्युरेट वाचन ५.६ मिली. आतापर्यंत रंग लगेच जात होता. या वेळी थेंब पडला तिथे तपकिरी डाग, ढवळल्यावर संपूर्ण द्रावण बिनदुधाच्या चहासारखे. पांढऱ्या फरशीवर पाहता गढूळ, आरपार दिसत नाही. एक मिनिट ढवळूनही रंग कायम. तापमान लगेच मोजले, ५८ अंश.’

यात रंगाच्या नावापेक्षा इतर तपशील अधिक कामाचे आहेत. द्रावण गढूळ आहे म्हणजे रंग विरघळलेल्या पदार्थाचा नसून बारीक कणांचा आहे. किती मिलीला झाले, आधी काय चालले होते, ढवळल्यावर काय झाले आणि ऊब किती होती, हे चार आकडे-शब्द नसतील तर कारण शोधायला हाताशी काहीच उरत नाही. तापमान तर त्याच क्षणी मोजावे लागते. पाच मिनिटांनी मोजलेला आकडा निवलेल्या फ्लास्कचा असतो.

परिस्थितीची नोंद त्याखाली येते: परमँगनेट कोणत्या बाटलीतले, ब्युरेट पुन्हा भरली होती का, आम्ल कोणत्या बाटलीतून घेतले, थेंब किती वेगाने सोडले. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहावे. सवयीने ‘१० मिली आम्ल घातले’ असे भरून टाकले, तर खरे कारण त्याच ओळीखाली गाडले जाते.

आता कारणे. पुरेशा आम्लात परमँगनेटचा प्रत्येक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो आणि त्यापासून जवळजवळ रंगहीन मँगनीज आयन बनतो. आम्ल अपुरे असेल तर तो तीनच इलेक्ट्रॉन घेऊन मँगनीज डायऑक्साइडवर थांबतो, आणि त्याचे कण तपकिरी असतात. द्रावण थंड असले किंवा परमँगनेट भराभर सोडले, तरी काही काळ असेच होऊ शकते. चौथी शक्यता बाटलीची: जुन्या परमँगनेटमध्ये हाच तपकिरी गाळ आपोआप बनतो, म्हणून ते गडद बाटलीत ठेवतात.

प्रत्येक शक्यतेपुढे तिच्या बाजूचे आणि विरुद्धचे काय, ते लिहायचे. ५८ अंश हे फार थंड नाही, त्यामुळे तापमानाचा संशय कमी होतो. बाटलीतल्या गाळासाठी थोडे परमँगनेट परीक्षानळीत पाण्याने पातळ करून उजेडासमोर धरावे. स्वच्छ गुलाबी दिसले तर गाळ नाही. गाळणकागदावर थेंब टाकून मात्र काही कळत नाही, कारण परमँगनेट कागदालाच तपकिरी करते.

उरले आम्ल आणि वेग. फ्लास्कमध्ये आम्ल आहे का, हे लिटमसने विचारणे व्यर्थ, कारण ऑक्झॅलिक आम्लही निळा लिटमस लाल करते. त्याऐवजी तपकिरी द्रावण दोन परीक्षानळ्यांत वाटून घ्यावे. एक नुसती तापवावी, दुसरीत थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून तेवढीच तापवावी. फक्त वेगाचा दोष असता तर आम्ल भरपूर असल्याने पहिली नळीही लवकर स्वच्छ झाली असती. इथे समजा पहिली तपकिरीच राहिली आणि दुसरी मिनिटभरात रंगहीन झाली. बोट आम्लाकडे जाते.

५.६ हा आकडाही तेच सांगतो, आणि त्यासाठी तो टिपलेला असणे भाग होते. सल्फ्युरिक आम्ल मुळीच घातले नसेल, तर अभिक्रियेला लागणारे आम्लत्व ऑक्झॅलिक आम्ल स्वतःच पुरवते. हिशेब केला तर ते साधारण ६.२५ मिली परमँगनेटपर्यंत पुरते, आणि संपत येताच तपकिरी रंग उमटतो. म्हणून विसरलेले आम्ल पहिल्या थेंबाला नव्हे, निम्म्याच्या पुढे उघड होते. घाईने सोडलेल्या परमँगनेटचा डाग कुठेही येऊ शकतो.

शेवटी दोन नवे फ्लास्क घ्यावेत, तापमान आणि वेग सारखा ठेवून. एकात त्याच बाटलीतले आम्ल, दुसऱ्यात तेवढेच ऊर्ध्वपातित पाणी. पहिला १०.१ मिलीला गुलाबी झाला आणि दुसरा साडेपाचच्या आसपास तपकिरी, तर आम्लाची बाटलीही निर्दोष ठरते.

तिसरे वाचन खोडायचे असेल तर एकाच रेघेने, आकडा वाचता येईल असे, बाजूला तारीख आणि सही. तपकिरी फ्लास्कमध्येच उशिरा आम्ल घालून तापवले तर कण विरघळतात आणि पुढे वाचन १० मिलीच्या जवळही येऊ शकते. तरी ते सरासरीत घेऊ नये, वेगळे लिहावे. उलट आम्लाशिवाय तसेच पुढे रेटले तर परमँगनेट जास्त लागते; सगळे तीन इलेक्ट्रॉनांवरच थांबले असे धरले तर १० मिलीऐवजी सुमारे १६.७ मिली. कारणाच्या रकान्यात मग असे येते: ‘फ्लास्क ३ मध्ये सल्फ्युरिक आम्ल घालायचे राहिले असण्याची शक्यता सर्वांत जास्त, नळ्यांची चाचणी आणि पुनरावृत्ती याला जुळतात. अजिबात घातले नव्हते की फारच कमी घातले, हे या नोंदींवरून ठरत नाही.’