टीएम गेला, येणे कुणाकडे मागायचे?

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या लेखी कंपनी म्हणजे टेरिटरी मॅनेजर, दुकानातल्या भाषेत टीएम. ऑर्डर तोच घेतो, स्कीम तोच सांगतो, माल परत करायचा तर फोनही त्यालाच जातो. तो नोकरी सोडून गेला की कंपनीचे पत्र येते: अमुक आता आपल्यासोबत नाहीत, तमुक रुजू झाले आहेत, सहकार्य असावे. नव्या माणसाचे शिक्षण आणि अनुभव यांवर एक परिच्छेद असतो. दुकानदाराच्या मनातल्या प्रश्नाला मात्र हे पत्र हातच लावत नाही.

तो प्रश्न कोणता, ते एका दुकानावरून पाहू. समजा, जालना जिल्ह्यातल्या एका दुकानदाराने खरिपात एका कंपनीची औषधे बऱ्यापैकी विकली. टीएमने तोंडी सांगितले होते, की ठरलेली विक्री झाली तर ४० हजारांची क्रेडिट नोट मिळेल. विक्री झाली, नोट आली नाही. मुदत संपलेल्या बारा बाटल्या दुकानात वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. त्या विकता येत नाहीत आणि ‘घेऊन जातो’ असे टीएम दिवाळीपासून म्हणत होता. शिवाय तारण म्हणून दिलेला एक सही केलेला चेक कंपनीकडे आहे. फेब्रुवारीत टीएम गेला. नवा माणूस आला आणि म्हणाला, ‘शेठ, मला यातलं काहीच सांगितलेलं नाही.’ दुकानदाराने पुढच्या हंगामाची ऑर्डर थांबवली आणि जुन्या बिलाचे पैसेही अडकवून ठेवले. तो रागावला म्हणून नव्हे. थकवलेले पैसे हीच त्याच्या हातातली एकमेव पकड आहे, म्हणून.

त्यामुळे पत्राचा गाभा थकीत येण्याचा परिच्छेद हाच असायला हवा. तो साधारण असा लिहिता येईल:

‘मागील हंगामातील स्कीम, माल परती किंवा क्रेडिट नोट यांपैकी आपले काही येणे बाकी असल्यास त्याची यादी, हाताशी असलेल्या कागदांसह किंवा मेसेजसह, १५ मार्चपर्यंत आमच्याकडे पाठवावी. तोंडी ठरलेल्या गोष्टीही लिहाव्यात. प्रत्येक मागणीवर ३१ मार्चपूर्वी लेखी उत्तर मिळेल. सोबत आपला खातेउतारा जोडला आहे. रक्कम जुळत नसल्यास कळवावे.’

यात ‘सर्व मान्य होईल’ असे वचन नाही, ते देऊही नये. जुन्या टीएमने अधिकाराबाहेर जाऊन काही कबूल केले असेल, तर कंपनी ते नाकारू शकते. पण नकारही तारखेच्या आत आणि कारणासह आला, तर दुकानदार पुढचा व्यवहार ठरवू शकतो. महिनोन्‌महिने ‘बघतो’ ऐकण्यापेक्षा त्याला तो नकार परवडतो.

दुसरी गोष्ट पैशांची आणि तारखेची. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०८ नुसार प्रतिनिधीचा अधिकार काढून घेतला, तरी समोरच्या माणसाला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो अधिकार संपत नाही. म्हणजे पैसे घेण्याचा अधिकार असलेला टीएम १० फेब्रुवारीला गेला, पत्र मार्चमध्ये पोहोचले आणि मधल्या काळात काहीच न कळलेल्या दुकानदाराने त्याच्याच हातात पैसे दिले, तर ‘तो आमचा माणूस नव्हता’ असे म्हणून कंपनीला सहज सुटता येत नाही. म्हणून जुन्या माणसाचा शेवटचा दिवस आणि नव्याचा पहिला दिवस पत्रात स्पष्ट हवा, आणि पत्र पोहोचल्याची पोचही ठेवायला हवी. पैसे फक्त कंपनीच्या नेहमीच्या खात्यातच भरावेत, खाते बदललेले नाही, हेही लिहावे. माणसे बदलण्याच्या काळात ‘मी नवीन टीएम बोलतोय, या खात्यावर टाका’ असा फोन भामट्याकडूनही येऊ शकतो.

याच कारणाने पत्रावर सही नव्या टीएमची नको, त्याच्या वरिष्ठाची हवी. स्वतःची ओळख स्वतःच करून देणाऱ्या अनोळखी माणसावर दुकानदाराने विश्वास का ठेवावा? पत्र कंपनीच्या नेहमीच्या ईमेलवरून किंवा नंबरवरून यावे, आणि रिजनल मॅनेजरचा फोन त्यात असावा.

जुना माणूस का गेला, हे लिहू नये. तो बहुधा प्रतिस्पर्धी कंपनीत रुजू होऊन महिन्याभरात त्याच दुकानांत येणार असतो, आणि दुकानदाराचे त्याच्याशी घरचे संबंध असतात. त्याच्याविषयी एक वाकडा शब्दही कंपनीलाच महागात पडतो. ‘त्यांच्या कामाबद्दल आभार’ एवढे पुरे.

आता आपल्या दुकानदाराकडे परत येऊ. पत्रात पहिल्या भेटीची तारीख दिली असेल, तर नवा टीएम त्या दिवशी ऑर्डरबुक बाजूला ठेवून खातेउतारा घेऊन येईल. बारा बाटल्या बॅच नंबरसह लिहून घेईल आणि परतीच्या कागदावर सही करेल. चाळीस हजारांसाठी विक्रीची बिले आणि जुन्या टीएमचे व्हॉट्सॲप मेसेज तपासायला वर पाठवेल. तारणाचा चेक कंपनीत कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारून लेखी कळवेल. खरिपाच्या मालाचा विषय त्यानंतर काढावा.