सोनं किती पडतं, किती वर्षं पडून राहतं

लग्नाच्या खरेदीत ‘सोनं काही खाली येत नाही’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. पण सोनं खाली येतं, आणि चांगलंच खाली येतं. जानेवारी १९८० मध्ये लंडनच्या बाजारात एक औंस सोनं ८५० डॉलरला पोचलं होतं. १९९९च्या उन्हाळ्यात तेच सुमारे २५३ डॉलरवर होतं. शिखरापासून तळापर्यंतच्या अशा सर्वांत मोठ्या घसरणीला ‘कमाल ड्रॉडाउन’ म्हणतात. इथे ती ७० टक्के होती. ७० टक्के पडलेला भाव ७० टक्के वाढून मूळ जागी येत नाही, त्याला तिपटीहून जास्त व्हावं लागतं. ८५०चा आकडा पुन्हा दिसला तो जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी. दरम्यानची महागाई धरली, तर तेव्हाही पैसे खऱ्या अर्थाने परत आले नव्हतेच.

त्या काळात आपल्याकडे मात्र सोनं महागच होत गेलं. कारण डॉलर आठ रुपयांवरून त्रेचाळीसच्या आसपास गेला होता. जगातली पडझड रुपयाच्या घसरणीने झाकली, आणि सोन्याबद्दलची आपली खात्री बरीचशी तिथूनच आली, असं मला वाटतं.

पण हे झाकण दर वेळी पुरत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये जगात सोनं १,९०० डॉलरच्या घरात होतं. ऑगस्ट २०१३ पर्यंत ते बरंच उतरलं होतं, तरी आपल्याकडे त्याच महिन्यात वायदेबाजारात दहा ग्रॅमला ३५,००० रुपयांचा उच्चांक झाला. रुपया कोसळला होता आणि आयातशुल्क दहा टक्क्यांवर गेलं होतं. पुढे रुपया सावरला, जगातला भाव आणखी पडला, आणि २०१५ मध्ये आपल्याकडचा भाव २५,००० च्या खाली आला.

त्या उच्चांकाला कुणी दहा लाखांचं सोनं घेतलं असतं, तर दोन वर्षांत त्याचे जेमतेम सात लाख उरले असते. मूळ भाव परत यायला २०१९ उजाडलं. दागिने घेतले असते तर मोडताना घडणावळही गेली असती. मुलीच्या शिक्षणाचे पैसे २०१६ मध्ये लागणार होते, अशा घराला २०१९ची भरपाई काय कामाची?

म्हणून सोनं घेण्याआधी दोन आकडे कागदावर लिहा: गुंतवलेल्या रकमेतले तीस टक्के आणि पैसे लागण्याचं वर्ष. तेवढी तूट सहा वर्षं, न विकता, सोसता येणार नसेल, तर खरेदीची रक्कम तिथेच कमी करा.