शीर्षकातच निदान नको

व्याख्यानमालेत एखाद्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं तासाभराचं भाषण होतं आणि विषय असतो मनःस्वास्थ्य. सभागृहात शे-दीडशे माणसं असतात. बाकीच्यांनाही ऐकता यावं म्हणून ते यूट्यूबवर चढवायचं ठरतं आणि हे काम बहुधा कार्यकारिणीतल्या सर्वांत तरुण सभासदाच्या गळ्यात पडतं. आवाज स्वच्छ करण्यात, नको तो भाग कापण्यात त्याची सगळी शक्ती खर्च होते. शीर्षक, वर्णन, थंबनेल, टॅग हे सगळं मेटाडेटा म्हणवणारं प्रकरण शेवटी घाईघाईत उरकलं जातं. हाताशी नमुना असतो तो इतर चॅनेलांचा, आणि त्या नमुन्यातून असं काहीतरी तयार होतं: ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का? ही ७ लक्षणं दिसली तर सावधान! १००% उपाय’.

वक्त्याने तासभर तोलून-मापून जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट हे शीर्षक बोलतं. त्यात तीन वेगवेगळे दावे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी धोक्याचे आहेत.

पहिला दावा लक्षणांच्या यादीचा. नैराश्याचं निदान करताना डॉक्टर लक्षणं मोजतात हे खरं आहे, पण ती दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे आहेत का, हेही पाहतात. त्यांमुळे काम, घर, नाती अडली आहेत का, हे विचारतात. शिवाय दुसरं काही कारण तर नाही ना, याची खात्री करतात. थायरॉइडचं काम मंदावलं तरी थकवा येतो, मन मरगळतं, झोप बिघडते. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर महिनाभर जेवणावरची वासना जाणं वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. यातलं काहीच शीर्षकात मावत नाही. मावतो तो फक्त ‘७’ हा आकडा, आणि रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस तो बोटांवर मोजतो.

दुसरा दावा ‘तुम्हाला’ या शब्दात लपलेला आहे. ‘नैराश्य म्हणजे काय’ असं लिहिलं तर नैराश्य हा विषय राहतो. ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ म्हटलं की वाचणाराच विषय होतो. आजाराचं नाव वापरू नये असं कुणीच म्हणत नाही. ते नाव ज्या वाक्यात बसतं त्या वाक्याचा कर्ता कोण, एवढंच पाहायचं.

तिसरा दावा शंभर टक्क्यांचा. याचाच सख्खा भाऊ म्हणजे ‘गोळ्यांशिवाय डिप्रेशन घालवा’. हे शीर्षक तर मी सर्वांत घातक मानतो, कारण ते ज्यांच्या गोळ्या आधीच चालू आहेत त्यांनाही दिसतं. नैराश्यावरची औषधं स्वतःच्या मनाने एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटूही शकतो. असं शीर्षक वाचून कुणी गोळ्या सोडल्या, तर आत वक्त्याने काय सांगितलं याला काही अर्थ उरत नाही. वर्णनाच्या तळाशी ‘हा व्हिडिओ केवळ माहितीसाठी आहे’ अशी ओळ टाकून हे धुऊन निघत नाही. ती ओळ ‘आणखी’वर बोट ठेवल्याशिवाय दिसतच नाही.

मग प्रश्न येतो शोधाचा. कार्यकारिणीत हमखास कुणीतरी म्हणतं, ‘सौम्य लिहिलं तर सापडणार कसं? लोक डिप्रेशनच टाकतात ना!’ टाकतात, पण सगळे नाही. स्वतःच्या त्रासाला अजून नाव न दिलेला माणूस तक्रार टाइप करतो. यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘झोप येत’ एवढं लिहून थांबा आणि खाली काय सुचवलं जातं ते पाहा. मग तेच रोमनमध्ये `jhop yet nahi` असं लिहून पाहा, कारण मराठी माणूस मोबाइलवर मराठी पुष्कळदा असंच लिहितो. ‘मन लागत नाही’, ‘सारखी भीती वाटते’, ‘सतत रडू येतं’ ही तक्रारीची भाषा आहे. गूगल ट्रेंड्समध्ये शोधाचा प्रकार ‘यूट्यूब’ निवडून आणि भाग महाराष्ट्र ठेवून दोन शब्दांची तुलनाही करता येते. तक्रारीच्या शब्दांत लिहिलेलं शीर्षक सापडतंही आणि कुणाच्या कपाळावर शिक्काही मारत नाही. सौम्यपणा आणि सापडणं यांत जे भांडण आहे असं आपण धरून चालतो, ते इथे बरंचसं मिटतं.

आता आपल्या व्याख्यानाचं शीर्षक बसवू. ‘मन लागत नाही, झोप येत नाही: मदत कधी घ्यावी? | मानसिक आरोग्य व्याख्यान’. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरं देतं, पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. एकट्या ‘व्याख्यान’ शब्दाला नऊ खर्ची पडतात. वरचं शीर्षक सत्तरच्या आत बसतं. फोनवर शेवटचे शब्द कापले जातात, म्हणून तक्रार आधी आणि ‘मानसिक आरोग्य’ नंतर. पाहणाऱ्याला ‘तुम्हाला हे झालंय’ असं शीर्षक सांगत नाही, मदत कधी घ्यायची हा प्रश्न त्याच्या वतीने विचारतं. आणि या प्रश्नाचं उत्तर भाषणात खरोखर आहे. नसतं, तर हे शीर्षकही खोटंच ठरलं असतं.

‘नैराश्य’ आणि ‘डिप्रेशन’ हे शब्द मग कुठे ठेवायचे? वक्ता त्यांविषयी बोलला त्याच जागी. वर्णनात वेळांची यादी दिली की व्हिडिओचे टप्पे पडतात आणि हे टप्पे गूगलच्या शोधातही वेगळे दिसू शकतात. नियम सोपे आहेत: पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन टप्पे हवेत, चढत्या क्रमाने, प्रत्येक निदान दहा सेकंदांचा. आकडे इंग्रजीच टाकावेत.

```
0:00 प्रस्तावना
6:20 झोप आणि मनाचा थकवा
17:45 उदासी आणि नैराश्य (डिप्रेशन): फरक काय
31:10 झोपेसाठी घरी करण्याजोगे उपाय
42:30 मनोविकारतज्ज्ञांकडे कधी जावं
50:05 प्रश्नोत्तरे
```

चौथी ओळ मुद्दाम पाहा. मराठीत शोधणारा माणूस प्रत्येक दुखण्यापुढे ‘उपाय’ लावतो, तेव्हा हा शब्द टाळणं म्हणजे अर्धे श्रोते गमावणं. इथे उपाय आहेत ते ठरलेल्या वेळी उठण्याचे, दुपारनंतर चहा-कॉफी कमी करण्याचे, अंथरुणात फोन न नेण्याचे. म्हणजे झोपेच्या सवयीवरचे. आजारावरचा उपाय असा दावा त्यात कुठेच नाही.

शेवटच्या टप्प्यात मात्र थांबायला हवं. प्रश्नोत्तरांना ठसठशीत नावं देण्याचा मोह होतो: ‘एका आईचा प्रश्न: इंजिनिअरिंगचा मुलगा खोलीबाहेरच येत नाही’. तालुक्याच्या गावात ती आई कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. प्रश्न गाळून त्यातला विषय ठेवावा, ‘घरचं माणूस मदत नाकारत असेल तर’ असा. शोधणाऱ्याला तोच हवा असतो. चित्रीकरणात प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ओळखू येत असेल तर त्याची परवानगी घ्यावी, नाहीतर वक्त्याकडून प्रश्न पुन्हा वदवून घेऊन मूळचा कापावा.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी घडी न उलगडताही दिसतात. त्यांत अध्यक्षांचे आभार नकोत, मंडळाच्या स्थापनेचं वर्षही नको. माझ्या मते तिथे दोनच गोष्टी याव्यात. एक, भाषण कुणाचं आणि कशाविषयी. दुसरी, ‘आत्ता कुणाशी बोलावंसं वाटत असेल तर टेलि-मानस १४४१६, मोफत, २४ तास’. केंद्र सरकारची ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीतही बोलता येतं. वर्णनात नंबर असतोच बहुतेकांच्या, पण तो प्रायोजकांच्या खाली असतो.

वक्त्याची ओळखही तिथेच आणि नेमकी द्यावी. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या शाखेत शिकलेला डॉक्टर असतो, तो औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदलेला असतो आणि मानसोपचार करतो. समुपदेशकाचं प्रशिक्षण आणखी वेगळं. पीएच.डी.मुळे नावापुढे ‘डॉ.’ लागलेल्या मानसशास्त्रज्ञाला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणून जाहीर केलं की पाहणारा त्याच्याकडे गोळ्यांचे प्रश्न घेऊन येतो.

भाषणात आत्महत्येचा विषय आला असेल तर तो शब्द शीर्षकात आणि थंबनेलवर नको. पद्धत, ठिकाण यांचा उल्लेख तर कुठेच नको. जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात आणि त्यांच्या आधारे प्रेस कौन्सिलनेही २०१९मध्ये वृत्तपत्रांना तसं बजावलं. आपलं मंडळ वृत्तपत्र नव्हे, हे मान्य. पण वाचणारा तोच आहे. थंबनेलवर अंधाऱ्या खोलीत डोकं धरून बसलेली बाई हा फुकटच्या चित्रांतला ठरलेला साचा. त्यापेक्षा वक्त्याचा बोलतानाचा स्वच्छ फोटो आणि चार शब्द पुरे.

टॅगांवर कुणी फार वेळ घालवू नये. शोधात त्यांचा वाटा अगदी किरकोळ असतो, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. लोक जे चुकीचं किंवा रोमनमध्ये लिहितात, `depresion marathi`, `nairashya`, तेवढ्यापुरते ते ठेवावेत. हेच टॅग वर्णनात ओळीने ओतणं मात्र नियमाविरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

महिन्याभराने यूट्यूब स्टुडिओ उघडावा. तिथे लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत आले ते दिसतं. एखाद्या गोळीचं नाव त्या यादीत वर आलं असेल तर आपल्या शब्दांनी भलतीच आशा लावली आहे असं समजावं. शीर्षक पाहून येणारे पुष्कळ, पण पहिल्या अर्ध्या मिनिटातच निघून जाणारेही पुष्कळ, हे दुसरं लक्षण. तिसरं खाली येणाऱ्या प्रतिक्रियांत सापडतं: माणसं आपापली लक्षणं लिहून ‘मला हे आहे का?’ असं विचारू लागली, तर शीर्षकाने नको ते वचन दिलेलं असतं. उलटही होतं. सगळं इतकं गुळगुळीत होतं की ‘मनाच्या अंगणात’ अशा नावाखाली कुणालाच काही सापडत नाही. काव्यात्म शीर्षकांची आपल्याकडे हौस दांडगी. ती निमंत्रणपत्रिकेवर शोभतात.

तरीही घाबरवणाऱ्या शीर्षकाला मिळतात तितके क्लिक ‘मदत कधी घ्यावी?’ या शीर्षकाला मिळणार नाहीत, हे कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण आपल्याकडे व्हिडिओ शोधाइतकाच, किंबहुना जास्त, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातून फिरतो. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का?’ ही पट्टी काकूने गटावर टाकली की ती कुणासाठी टाकली हे सगळ्यांना कळतं आणि ज्याच्यासाठी टाकली तो ती कधीच उघडत नाही. ‘मदत कधी घ्यावी?’ हे पुतण्यालाही पाठवता येतं आणि सासऱ्यांनाही. यूट्यूबवर शीर्षक नंतर बदलता येतं, लिंक आणि पाहणाऱ्यांचा आकडा तोच राहतो. गटांत एकदा गेलेल्या संदेशावर मात्र जुनंच शीर्षक आणि जुनंच चित्र दिसत राहतं. म्हणून मसुदा आधी वक्त्याला दाखवायचा, त्याची दुरुस्ती शीर्षकात घालायची आणि मगच लिंक बाहेर पाठवायची.