‘हेल्थ चेकअप’मध्ये सीए-१२५ वाढले, म्हणजे कर्करोग आहे का?

धाराशिव : साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला आता अनेक ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमध्ये ‘ट्यूमर मार्कर’ही दिसतात. महिलांच्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ असते. अहवालात आकड्यापुढे ‘हाय’ छापून आले, की घरात धास्ती पसरते. पण थोड्या वाढीचा अर्थ बहुतेक वेळा कर्करोग नसतो.

आकडा का वाढतो?
सीए-१२५ हे प्रथिन फक्त गाठीतून येत नाही. गर्भाशय आणि पोटाच्या आतले अस्तरही ते तयार करते. त्यामुळे मासिक पाळी, गर्भारपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, यकृताचा आजार किंवा पोटाचा क्षयरोग यांतही ते वाढते. त्याची मर्यादा ३५ युनिट मानली जाते आणि सुमारे १ टक्का निरोगी महिलांमध्येही ती ओलांडली जाते.

गणित काय सांगते?
समजा, कोणतीही तक्रार नसलेल्या १० हजार महिलांची तपासणी झाली. १ टक्क्याच्या हिशेबाने सुमारे १०० निरोगी महिलांच्या अहवालात ‘हाय’ येईल. त्यांच्यात अंडाशयाचा कर्करोग असलेल्या महिला जेमतेम एक-दोन असतील. शिवाय सुरुवातीच्या टप्प्यातील निम्म्या रुग्णांमध्ये आकडा ‘नॉर्मल’च राहतो. म्हणजे निरोगी महिलेला घाबरवणारी ही चाचणी रुग्ण महिलेला खोटा दिलासाही देऊ शकते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१मध्ये आले. सीए-१२५ किंवा सोनोग्राफीने दरवर्षी तपासूनही मृत्यू कमी झाले नाहीत.

मग उपयोगी तपासणी कोणती?
त्याचे उत्तर याच जिल्ह्यात मिळाले आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९मध्ये जाहीर झाले. मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले, म्हणून ती तपासणी उपयोगी ठरली. सीए-१२५ला ही कसोटी पार करता आलेली नाही.

अहवालात ४८ आले तर?
समजा, ३८ वर्षांच्या महिलेचा आकडा ४८ आला. नमुना पाळीच्या दिवसांत दिला होता का, हे आधी पाहावे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी करावी. ती ‘नॉर्मल’ असल्यास चार ते सहा आठवड्यांनी, पाळी नसताना, त्याच लॅबमध्ये पुन्हा चाचणी करावी. आकडा उतरला किंवा तेवढाच राहिला तर कर्करोगाची शक्यता फार कमी. प्रत्येक वेळी चढत गेला, तर पुढील तपास गरजेचा ठरतो.

पोट सतत फुगणे, थोडे खाऊनही पोट भरणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे आठवडे टिकली, तर मात्र अहवाल ‘नॉर्मल’ असला तरी डॉक्टरांना दाखवावे.